हप्त्याच्या पोटात काय आहे

चि. …स अनेक आशीर्वाद.

डोंबिवलीचा फ्लॅट पाहून आलास आणि फोनवर पहिलं वाक्य बोललास ते, "मावशी, हप्ता चौतीस हजार बसतोय, जमेल." बँकेत कर्ज खात्याच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं हेच वाक्य ऐकत आले. हप्ता जमतो की नाही हे सगळे विचारतात, पण त्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र. कॅल्क्युलेटर घेऊनच वाच.

घर पन्नास लाखांचं, त्यातले 40 लाख बँकेचे. दर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो 34,713 रुपये. आता पहिल्या महिन्याचं व्याज काढ. चाळीस लाखांवर साडेआठ टक्के म्हणजे वर्षाचे 3,40,000, भागिले बारा, 28,333. हप्त्यातून हे आधी वजा होतं. उरतात 6,380, आणि तेवढंच मुद्दल फिटतं. पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या 39,93,620 रुपयांवर लागतं, म्हणून ते पंचेचाळीस रुपयांनी कमी होतं आणि मुद्दलात पंचेचाळीस रुपये जास्त जातात. घटत्या शिलकीवर व्याज म्हणतात ते हेच. यात बँकेची कसली चलाखी नाही, साधा हिशेब आहे. फक्त सुरुवातीला तो फार सावकाश सरकतो.

किती सावकाश? पाच वर्षांनी तू वीस लाख ब्याऐंशी हजार भरलेले असशील आणि कर्ज उरलेलं असेल 35 लाख 25 हजार. म्हणजे फिटले पावणेपाच लाख, बाकी सगळं व्याज. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजाइतका व्हायला जवळजवळ बारा वर्षं जातात. पाचव्या वर्षी घर विकायला निघालेले लोक बँकेचं उताऱ्याचं पान हातात घेऊन माझ्यासमोर बसायचे, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. त्यांना वाटायचं, पाच वर्षं भरलं म्हणजे पाव कर्ज तरी गेलं असेल.

आता मुदतीचं. कुणीतरी तुला सांगेलच, "तीस वर्षांचं घ्या, हप्ता हलका होईल." होतो खरा. 30,757 येतो, म्हणजे महिन्याला चार हजारही पुरते वाचत नाहीत. पण वीस वर्षांत एकूण व्याज जातं 43 लाख 31 हजार आणि तीस वर्षांत 70 लाख 72 हजार. चार हजारांच्या सवलतीसाठी जवळजवळ साडेसत्तावीस लाख. तरीही लांब मुदत घेऊच नये असं मी म्हणत नाही. पगार नवा असेल, घरात एकच कमावता असेल, तर हलका हप्ता घेऊन हातात येईल तसं जास्तीचं भरावं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं घरकर्ज स्वतःच्या नावावर असेल तर मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही. मात्र त्या "हातात येईल तसं"वर स्वतःचा किती भरवसा आहे, हे तूच ठरव. बोनस आला की बहुतेकांना आधी गाडी दिसते.

जास्तीचं भरल्याने काय होतं तेही बघ. तुझ्या कर्जात पहिल्या वर्षाअखेर एक लाख भरलेस आणि हप्ता तोच ठेवलास, तर शेवटचे जवळजवळ चौदा हप्ते गळून पडतात. एका लाखापोटी पावणेपाच लाखांचे हप्ते वाचले. पण भरताना अर्जात "हप्ता तोच, मुदत कमी करा" असं स्पष्ट लिही. नाहीतर हप्ता कमी करून देतात आणि फायदा पातळ होतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, तो फ्लोटिंग दर. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग घरकर्जं बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेक रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला. रेपो हलला की तुझा दर तीन महिन्यांच्या आत हलतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रेपो 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. आमच्या सोसायटीतल्या एकाने 2021 मध्ये पावणेसात टक्क्यांनी कर्ज घेतलं होतं. त्याचा हप्ता एक रुपयानेही वाढला नाही, म्हणून तो खूश. त्याचा हिशेब मी तुझ्या चाळीस लाखांवर करून दाखवते. हप्ता 30,415. वीस महिन्यांनी उरले साधारण 38 लाख 33 हजार. दर सव्वानऊ झाला की महिन्याचं व्याजच होतं 29,546. मुद्दलात जातात 869 रुपये! हप्ता तोच ठेवायचा तर उरलेल्या 220 हप्त्यांचे 463 होतात, साडेअडतीस वर्षं. इतकी मुदत बँक देत नाही, निवृत्तीच्या वयाशी थांबवते आणि मग हप्ता वाढवते. त्याला ते कळलं उतारा उघडल्यावर. शेवटच्या हप्त्याची तारीख वाचून तो आधी मला म्हणाला, छपाईची चूक असेल.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम आणला. दर बदलला की हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होतो ते बँकेने कळवायचं, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यायची. दर तीन महिन्यांनी उतारा द्यायचा, त्यात किती हप्ते उरले ते असतं. तू तेवढा एकच आकडा बघत जा. मागच्या वेळेपेक्षा तो तीनने कमी झालेला नसेल तर शाखेत जाऊन विचार.

सही करण्यापूर्वी बँक तुला केएफएस नावाचं पत्रक देईल. त्यात सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर वेगळा लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दरावर करू नकोस, त्या दरावर कर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा कर्जात बसत नाही, ते पैसे तुझ्या दहा लाखांखेरीज वेगळे लागतील. हे ऐनवेळी कळलं की लोक पर्सनल लोन काढतात. मग पहिल्या महिन्यापासूनच दोन हप्ते.

वरचे आकडे साडेआठ टक्के धरून आहेत, तुला वेगळा दर मिळेल आणि तोही वीस वर्षं तसाच राहणार नाही. म्हणून आज 34,713 जमतंय यावर टोकन देऊ नकोस. दर साडेदहा झाला तर याच कर्जाचा हप्ता 39,935 होतो. पुढचे तीन महिने तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाकून बघ. त्यातून तुझं आत्ताचं घरभाडं वजा धर, कारण ते पुढे वाचेल. तिसऱ्या महिन्यात त्या खात्यातून काही काढावं लागलं तर मला फोन कर, आपण छोटा फ्लॅट बघू. बिल्डर "ऑफर रविवारपर्यंतच" म्हणेल. म्हणू दे.

तुझी,
मावशी