अनेक निवेदक असले की कादंबरी बहुस्वरी होते का?

प्रश्न: एम. ए.च्या पहिल्या वर्षाला बाख्तिन आहे. संवादात्मकता आणि बहुस्वरता या दोन्ही संज्ञा वर्गात एकाच अर्थाने वापरल्या जातात असं वाटतं. फरक काय? आणि ज्या कादंबरीत चार-पाच पात्रं आळीपाळीने गोष्ट सांगतात, ती आपोआप बहुस्वरी ठरते का?

उत्तर: नाही, आपोआप ठरत नाही. पाच निवेदक असूनही कादंबरी एकस्वरी असू शकते आणि एकच तृतीयपुरुषी निवेदक असूनही ती बहुस्वरी असू शकते. रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिनने बहुस्वरतेची ही कल्पना 1929 साली कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीवरच्या पुस्तकात मांडली. त्याचं एक मुख्य उदाहरण असलेली ‘क्राइम अँड पनिशमेंट’ तृतीयपुरुषी निवेदनातच आहे. दोस्तोयेव्स्कीने ती आधी नायकाच्या तोंडून लिहायला घेतली होती, पण पुढे तो मसुदा बाजूला ठेवला.

माझा सल्ला असा, की व्याख्या पाठ करण्याआधी या कादंबरीतल्या एकाच वाक्याचा माग काढा. संवादात्मकता म्हणजे काय ते त्यातून जितकं स्वच्छ दिसतं, तितकं मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

पहिल्या भागात नायक रास्कोल्निकोव्हला, म्हणजे घरच्यांच्या रोद्याला, आईचं लांबलचक पत्र येतं. त्याची बहीण दुन्या हिचं लुझिन नावाच्या पैसेवाल्या माणसाशी लग्न ठरलं आहे. आई लिहिते, की लुझिन एकदा बोलता बोलता म्हणाला, त्याला हुंडा नसलेली, गरिबीचे चटके सोसलेली मुलगीच करायची होती. कारण नवऱ्याने बायकोच्या उपकाराखाली नसावं, बायकोने नवऱ्याला उपकारकर्ता मानावं हे बरं. लगेच ती सारवासारव करते: त्याचे नेमके शब्द मी विसरले, तो याहून जरा मऊपणे बोलला होता, सहज तोंडून गेलं असेल. मलाही ते थोडं कठोर वाटलं, तसं मी दुन्याला म्हणालेही. पण ती वैतागून म्हणाली, बोलणं म्हणजे काही करणं नव्हे.

इथे किती आवाज आहेत बघा. लुझिनचा विचार आईच्या शब्दांत आला आहे. त्या शब्दांत आईची भीती आहे आणि ती भीती मुलापासून लपवायची धडपडही आहे. वर दुन्याचं उत्तर आहे, तेही आईनेच सांगितलेलं. शिवाय प्रत्येक वाक्य लिहिताना आईचं लक्ष आहे ते हे वाचून रोद्या काय म्हणेल याकडे. पत्रात रोद्या एक शब्दही बोलत नाही, तरी त्याच्या संभाव्य उत्तराने सगळी वाक्यं वाकलेली आहेत. दुसऱ्याचे शब्द वागवत आणि समोरच्याच्या उत्तराचा अंदाज घेत बोलणं, याला बाख्तिन संवादात्म शब्द म्हणतो. त्यासाठी समोरासमोर दोन माणसं बोलत असण्याची गरज नाही. शेजारी ‘मी आपला साधा माणूस’ म्हणतो आणि घरी येऊन आपण ‘साधा माणूस म्हणे!’ म्हणतो, तेव्हा शब्द त्याचेच असतात, त्यांवरचा आघात मात्र आपला असतो.

रास्कोल्निकोव्ह पुढच्याच प्रकरणात नेमकं हेच करतो. रस्त्याने चालताना तो आईची वाक्यं एकेक करून उचलतो आणि आपल्या रागाच्या सुरात म्हणतो. लुझिन ‘दयाळू वाटतो’ असं दुन्याचं मत आईने कळवलेलं असतं. तो त्या ‘वाटतो’वरच बोट ठेवतो: म्हणजे दुन्या या ‘वाटतो’शी लग्न करते आहे तर! आणखी एक गोष्ट महत्त्वाची. लुझिनला तो अजून भेटलेला नाही. आदल्या दिवशी गुत्त्यात एका दारुड्याने आपल्या मुलीची, सोन्याची, कहाणी सांगितली. तिलाही त्याने पाहिलेलं नाही. ही माणसं त्याच्या डोक्यात दुसऱ्यांच्या बोलण्यातून शिरली आहेत आणि तिथे एकमेकांशी भांडत आहेत. मग तो स्वतःलाच उलट प्रश्न करतो: हे लग्न होऊ देणार नाहीस, पण तुला अधिकार काय? तू शिकून कमावता होईपर्यंत आई विणकाम करून आंधळी होईल.

पुढे लुझिन प्रत्यक्ष भेटायला येतो, तेव्हा रास्कोल्निकोव्ह ते उपकारकर्त्याचं वाक्य त्याच्या तोंडावर फेकतो. लुझिन चिडतो: माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला, आणि तो तुमच्या आईने केला. तो मुळात नेमकं काय बोलला होता, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. निवेदक मध्ये पडून खरं-खोटं करत नाही. आपल्या हाती राहतं ते तोंडातोंडी फिरून आलेलं वाक्य.

ही झाली संवादात्मकता. ती भाषेचाच गुण आहे, त्यामुळे कमीजास्त प्रमाणात कुठल्याही कादंबरीत सापडेल. बहुस्वरता मात्र दुर्मीळ आहे, कारण ती अख्ख्या कादंबरीची रचना आहे: लेखक पात्राच्या विचाराला स्वतःच्या विचाराइतकंच वजन देतो आणि त्याच्यावर वरून निकाल देत नाही. या कसोटीवर माझ्या मते लुझिन पूर्ण स्वर नाही. त्याचा क्षुद्रपणा लेखकाने ठरवून टाकला आहे आणि आपणही तो बाहेरूनच पाहतो. रास्कोल्निकोव्हचं तसं नाही. असामान्य माणसाला रक्त सांडायचा अधिकार असतो, या सिद्धांतावर तो खून करतो. तो सिद्धांत तपास अधिकारी पोर्फिरी उलटतपासणीत घेतो, सोन्या त्याला श्रद्धेने भिडते, दुन्याच्या मागे लागलेला स्विद्रिगाइलोव्ह त्याच विचाराची किळसवाणी आवृत्ती होऊन समोर उभा राहतो. निवेदक मात्र कुठे थांबून ‘हा सिद्धांत चुकीचा आहे, कारण...’ असं सांगत नाही. जे उत्तर मिळतं ते दुसऱ्या माणसाकडून मिळतं आणि नायक त्यावरही प्रत्युत्तर देऊ शकतो.

उलट बाजूला बाख्तिन टॉलस्टॉयची ‘तीन मृत्यू’ ही कथा ठेवतो. तिच्यात एक श्रीमंत बाई, एक गाडीवान आणि एक झाड मरतं. आयुष्यं तीन आहेत, पण ती एकमेकांना ऐकत नाहीत. तिन्ही मरणं शेजारी ठेवून त्यांचा अर्थ लावणारा एकटा लेखकच आहे. तुमच्या चार-पाच निवेदकांच्या कादंबरीला हाच प्रश्न विचारा. एका निवेदकाच्या बोलण्याने दुसऱ्याचं बोलणं हलतं का? की प्रत्येकजण आपला तुकडा सांगून जातो आणि शेवटी एकच ‘खरी गोष्ट’ जुळून येते? तसं असेल तर निवेदक अनेक आहेत, स्वर एकच आहे.

परीक्षेत हा सिद्धांत लिहिताना त्याची अडचणही लिहा, आणि ती याच कादंबरीच्या उपसंहारात आहे. सायबेरियात खुनाची शिक्षा भोगतानाही रास्कोल्निकोव्हला आपला विचार चुकला असं वाटत नाही. आपल्याला तो पेलला नाही आणि आपण कबुली दिली, एवढाच दोष तो मानतो. मग काही परिच्छेदांत तो सोन्याच्या पायाशी रडतो आणि निवेदक त्याच्या नव्या आयुष्याची ग्वाही देतो. सिद्धांताला उत्तर मिळालेलं नसतं, तरी वाद मिटवला जातो. दोस्तोयेव्स्कीचे असे शेवट रूढ, एकस्वरी वळणाचे आहेत हे खुद्द बाख्तिननेही मान्य केलं आहे. म्हणून ‘ही कादंबरी बहुस्वरी आहे’ असं सरसकट लिहू नका. ती कुठपर्यंत बहुस्वरी राहते आणि कुठल्या पानावर निवेदक शेवटचा शब्द स्वतःकडे घेतो, ते पान दाखवून लिहा.