दहा वाक्यांच्या उत्तरावरून मराठीची पातळी कशी ठरवावी?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी मराठीत एम. ए. केले असून ऐरोलीतील एका कंपनीत अमराठी कर्मचाऱ्यांना मराठी शिकवण्याचे अर्धवेळ काम करते. नव्या तुकड्या करण्यासाठी आम्ही प्रत्येकाकडून ‘मागचा शनिवार-रविवार कसा गेला’ यावर चार ओळी लिहून घेतो. बंगाली मातृभाषा असलेल्या एका अभियंत्याचे उत्तर जसेच्या तसे पाठवत आहे:

‘मी घणसोलीत राहतो. माझा ऑफिस ऐरोलीत आहे. शनिवारी मी माझा मित्र बरोबर ठाणे गेला. आम्ही तलावपाळीवर फिरलो आणि मिसळ खाल्ला. मिसळ खूप तिखट होता म्हणून मला पाणी पाहिजे होता. मित्र हसला, कारण तो कोल्हापूरचा आहे. नंतर पाऊस आला पण आमच्याकडे छत्री नव्हता. आम्ही एक दुकान समोर थांबलो. रात्री ट्रेनने घरी आलो. मला ठाणे आवडला.’

माझे सहकारी म्हणतात, इतक्या चुका आहेत म्हणजे हा अगदी नवशिका. मला तो मधल्या पातळीचा वाटतो, कारण गोष्ट पूर्ण समजते. कोणाचे बरोबर? आणि भाषेच्या मूल्यमापनाचे हे काम पुढे करिअर म्हणून करायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, कळवा

उत्तर

नमस्कार. तुम्ही दोघांनीही एकेका बाजूनेच उत्तर वाचले आहे. तुमच्या सहकाऱ्यांनी चुका मोजल्या आणि तुम्ही आशय किती पोहोचला हे पाहिले. पातळी ठरवताना मात्र आधी असे विचारावे लागते की या माणसाला चूक करण्याची संधी कुठे कुठे होती आणि त्या प्रत्येक जागी त्याने काय केले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच सवयीत आहे, म्हणून आधी हा नमुना नीट पाहू.

मोजपट्टी म्हणून युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा पातळ्यांची चौकट घ्यावी. तिच्यात ए१ आणि ए२ या प्राथमिक, बी१ आणि बी२ या स्वतंत्रपणे भाषा वापरणाऱ्याच्या, तर सी१ आणि सी२ या प्रवीण वापरकर्त्याच्या पातळ्या आहेत. ही चौकट कोणत्याही एका भाषेच्या व्याकरणाला बांधलेली नाही. ए२ पातळीचा माणूस काही साध्या रचना बरोबर वापरतो, पण मूलभूत चुका पद्धतशीरपणे करत राहतो आणि तरीही त्याला काय म्हणायचे आहे ते बहुधा कळते, एवढेच ती सांगते. ‘मूलभूत चुका’ म्हणजे मराठीत नेमके काय, हे मराठी जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते. माझ्या मते छोट्या नमुन्यात सर्वांत जास्त बोलतात त्या तीन गोष्टी: सामान्यरूप, लिंगानुसार क्रियापदाचा बदल आणि वाक्ये एकमेकांत गुंफण्याची पद्धत.

सामान्यरूपापासून सुरुवात करू. ‘घणसोलीत’, ‘ऐरोलीत’, ‘तलावपाळीवर’, ‘कोल्हापूरचा’, ‘ट्रेनने’ ही पाच रूपे बरोबर आहेत आणि घाईने वाचणारा परीक्षक त्यांचे गुण देऊन टाकतो. प्रत्यक्षात या पाचही शब्दांत प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतच नाही. ज्याला सामान्यरूप हा प्रकार ठाऊकही नाही, तोसुद्धा ही रूपे बरोबर लिहील. ‘शनिवारी’, ‘रात्री’, ‘घरी’, ‘आमच्याकडे’ हे शब्द तर कानावर पडून तयार मिळतात. खरी परीक्षा तीन ठिकाणी होती: ‘माझ्या मित्राबरोबर’, ‘ठाण्याला’ आणि ‘एका दुकानासमोर’. तिन्ही ठिकाणी त्याने मूळ शब्द तसाच ठेवला आहे, आणि ‘ठाणे गेला’ येथे तर प्रत्ययच लावलेला नाही. म्हणजे लाल पेनाच्या हिशेबात सामान्यरूपाचे खाते ‘पाच बरोबर, तीन चूक’ असे दिसते, पण संधींच्या हिशेबात ते तीनपैकी शून्य आहे.

लिंगाच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट होतो. ‘मित्र हसला’ आणि ‘पाऊस आला’ ही वाक्ये निर्दोष आहेत. पण त्यांच्या शेजारी ‘मिसळ खाल्ला’, ‘मिसळ तिखट होता’, ‘पाणी पाहिजे होता’, ‘छत्री नव्हता’ आणि ‘ठाणे आवडला’ ही पाच वाक्ये ठेवून पाहा. पुल्लिंगाशिवाय दुसरे लिंग जिथे जिथे आले, तिथे त्याने पुल्लिंगी रूपच वापरले आहे. ‘माझा ऑफिस’ हाही त्यातलाच प्रकार. तेव्हा ‘मित्र हसला’ बरोबर आले ते नियम कळल्यामुळे, असे म्हणता येत नाही. बंद पडलेले घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते, तसे हे आहे.

येथे मातृभाषेची माहिती उपयोगी पडते, म्हणून ती तुम्ही कळवलीत हे चांगले केले. बंगालीत नामाला व्याकरणिक लिंग नाही आणि क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ही संपूर्ण व्यवस्था या माणसाला नव्याने उभी करायची आहे. हिंदीभाषकाने हेच उत्तर लिहिले असते तर ‘पाणी होता’ अशी चूक झाली असती, कारण हिंदीत पाणी पुल्लिंगी आहे आणि नपुंसकलिंग नाहीच. पण ‘छत्री नव्हता’ असे त्याने सहसा लिहिले नसते, कारण हिंदीतही छत्री स्त्रीलिंगीच आहे. दोघांची पातळी कदाचित एकच ठरेल, पण शिकवण्याची वाट वेगळी असेल. पातळी ठरवताना मात्र मातृभाषेची सवलत देऊ नये आणि तिचा दंडही लावू नये. कागदावर जे दिसते तेवढेच मोजावे.

आता तुमच्या सहकाऱ्यांनी ज्याच्याकडे पाहिले नाही ती बाजू. घडलेल्या गोष्टींसाठी भूतकाळ आणि राहणे, ऑफिस, मित्राचे गाव यांसारख्या कायमच्या गोष्टींसाठी वर्तमानकाळ, ही विभागणी दहाही वाक्यांत पाळली गेली आहे. ‘मी गेला’ चुकले असले तरी ‘आम्ही’बरोबरची ‘फिरलो’, ‘थांबलो’ ही रूपे बरोबर आहेत आणि ‘आलो’ हे कर्ता न लिहिताही जमले आहे. घटनांचा क्रम कुठेही तुटत नाही. ‘आणि’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’ ही चार उभयान्वयी अव्यये योग्य जागी आहेत, आणि मित्राच्या हसण्याला कोल्हापूरचे कारण जोडण्यात तर थोडी मिश्कीलीही आहे. ए१ पातळीचा माणूस सुटीसुटी, पाठ केलेली वाक्ये लिहितो. त्याला हे जमत नाही. म्हणून अगदी नवशिका हा निकाल टिकत नाही.

मग बी१ का नाही? कारण जोडणी या चार अव्ययांपुढे जात नाही. दहा वाक्यांत ‘जो–तो’ नाही, ‘जर–तर’ नाही, ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-ल्यावर’ यांपैकी एकही कृदन्त नाही. बी१ पातळीच्या माणसाने हाच प्रसंग असा लिहिला असता: ‘पाऊस आल्यावर आम्ही एका दुकानासमोर उभे राहिलो, कारण छत्री आणायला मी विसरलो होता.’ यातही शेवटी चूक आहेच. पण सामान्यरूप साधले आहे, एक क्रिया दुसरीत गुंफली आहे, आणि चूक त्या मानाने अवघड जागी झाली आहे. पातळी वाढते तशा चुका केवळ कमी होत नाहीत, त्या वरच्या मजल्यावर सरकतात. माणूस नवे काही करून पाहू लागला की तिथे नव्या चुका दिसतात. तुमच्या अभियंत्याने अवघड काही करूनच पाहिलेले नाही. त्याची पातळी ए२ आहे, आणि त्यातही गोष्ट सांगण्याच्या बाबतीत वरच्या कडेला, तर रूपांच्या बाबतीत खालच्या कडेला. नोंदवहीत हे दोन्ही लिहा, केवळ ‘ए२’ लिहून थांबू नका.

एक सावधगिरी या निष्कर्षाबरोबरच सांगायला हवी. ‘शनिवार-रविवार कसा गेला’ हा विषय मुळात ए२ पातळीचा आहे, म्हणून त्यावरून ‘किमान ए२’ एवढेच ठामपणे म्हणता येते. ज्याला ‘जर–तर’ उत्तम येते, त्यालाही या विषयात ते वापरण्याचे कारण पडत नाही. त्यासाठी दुसरा एक प्रश्न जोडावा, उदाहरणार्थ, ‘कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी बस सुरू करावी की सर्वांनी ट्रान्स-हार्बरच्या लोकलनेच यावे? तुमचे मत कारणांसह लिहा.’ येथे अटी, शक्यता, तुलना आणि दुसऱ्याच्या मताचा उल्लेख करणे भाग पडते. लिहिणारा त्या मागणीला सामोरा जातो की पुन्हा लहान वाक्यांच्या आश्रयाला जातो, हे लगेच दिसते. उत्तर कागदावर हाताने लिहून घ्यावे. फोनवर लिहिताना कळफलकच पुढचे शब्द सुचवतो आणि मग ‘दुकानासमोर’ त्याचे की फोनचे, हे कळत नाही.

शुद्धलेखनाबद्दल वेगळे सांगतो, कारण तुमच्या तुकड्यांत मराठी घरातली पण इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलेही येऊ शकतात. समजा, नेरूळच्या एखाद्या तरुणाने लिहिले: ‘आजिने सांगीतल होत कि पाउस आला तर छत्रि घेउन जा, पण मी वीसरलो.’ या वाक्यात निम्म्याहून अधिक शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहे, आणि वरवर पाहणारा त्याला अभियंत्याच्या खाली बसवेल. पण यात ‘आजीने सांगितलं होतं’, ‘आला तर’, ‘घेऊन जा’ या तिन्ही रचना अचूक आहेत. युरोपीय चौकटीतही लेखनातील वर्णविन्यासाचे निकष व्याकरणाच्या निकषांपासून वेगळे ठेवले आहेत. अशा मुलाला ए२च्या तुकडीत घालणे म्हणजे दोन आठवड्यांत तो कंटाळून येणे बंद करेल याची तजवीज करणे होय. त्याला रचनेचे नाही, लेखनाचे वर्ग हवेत.

तुमच्यात आणि सहकाऱ्यांत जो मतभेद झाला, तो या क्षेत्रात रोजचा असतो. दोघांनी एकमेकांचा निकाल न पाहता स्वतंत्रपणे पातळी लिहावी. एका पायरीचा फरक पडला तर कागद समोर ठेवून संधींच्या जागा एकत्र मोजाव्यात, आणि दोन पायऱ्यांचा पडला तर तिसऱ्याला वाचायला द्यावे. अतिशय सुंदर उत्तरानंतर लगेच वाचलेले साधारण उत्तर उगाच कच्चे वाटते, म्हणून दुसऱ्या वाचकाने गठ्ठा उलट्या क्रमाने वाचावा. हस्ताक्षराचा प्रभावही मोठा असतो. टंकलिखित प्रत करून वाचली तर तो टळतो, पण टंकताना एकही चूक सुधारायची नाही, हा नियम मराठीच्या शिक्षकाला पाळायला फार जड जातो.

करिअरची सुरुवात तुम्ही याच गठ्ठ्यापासून करावी, असे मी सुचवेन. एम. ए.च्या पदवीने तुम्हाला भाषेचे ज्ञान दिले. मूल्यमापनासाठी निवड करणारी माणसे मात्र तुम्ही निकाल कशावर ठरवता हे विचारतील. लिहिणाऱ्यांची परवानगी घेऊन आणि नावे काढून, ए१ ते बी२ या प्रत्येक पातळीची चार-पाच उत्तरे निवडा. प्रत्येकाखाली संधीच्या जागा, त्यांतल्या साधलेल्या जागा, वाक्यजोडणीचे प्रकार आणि तुमचा निकाल अर्ध्या पानात लिहा. ज्या उत्तरांवर तुमचे आणि सहकाऱ्यांचे एकमत झाले नाही ती वगळू नका, उलट त्यांच्याखाली दोन्ही बाजू लिहा. नोकरीसाठी जाल तिथे ही वही दाखवा आणि नव्या शिक्षकांना हे काम शिकवतानाही तीच वापरा. अभियंत्याच्या तुकडीचा निर्णय मात्र त्याआधी घ्यावा लागेल. त्याला ए२मध्ये बसवा, आणि पहिल्या पंधरवड्यात सामान्यरूप शिकवून झाल्यावर दुसरा, बसचा प्रश्न लिहून घ्या. ‘मित्राबरोबर’ आणि ‘दुकानासमोर’ त्याच्या हातून आपोआप येऊ लागले, तर तुकडी बदलण्याचा विचार करता येईल.