दहा टक्क्यांचा तक्ता फेकून द्या

प्रश्न: कोल्ड स्टोरेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस करताना प्रत्येक आकडा १० टक्क्यांनीच खाली-वर करायचा का? आणि बँक ते खरंच बघते का?

नाही. सगळ्यांना सरसकट १० टक्के लावलेला तक्ता म्हणजे रिपोर्टची पानं भरायचं काम. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे असे रिपोर्ट ढिगानं फिरतात आणि प्रत्येकात तोच तक्ता असतो, फक्त मालकाचं नाव बदललेलं.

एक हिशेब घेऊ. आकडे सोपे म्हणून धरलेत, बाजारभाव समजू नका. क्षमता २,००० टन, वर्षाची सरासरी भरती ७० टक्के, भाडं टनाला महिना ५०० रुपये. म्हणजे वर्षाला ८४ लाख जमा. वीज १४ लाख, पगार-देखभाल-विमा १० लाख. हातात ६० लाख. गुंतवणूक ३ कोटी, आयुष्य १० वर्षं, डिस्काउंट दर १२ टक्के. शीटमध्ये B1 ते B7 मध्ये क्षमता, भरती, भाडं, वीज, इतर खर्च, दर आणि गुंतवणूक ठेवा (वीज, इतर खर्च आणि गुंतवणूक लाखांत):

```
=PV(B6,10,-(B1*B2*B3*12/100000-B4-B5))-B7
```

एनपीव्ही, म्हणजे दहा वर्षांच्या कमाईची आजची किंमत वजा गुंतवणूक, साधारण ३९ लाख येते. सूत्राच्या पोटात ७०% किंवा ५०० असा आकडा थेट टाइप केलात तर वरचा सेल कितीही बदला, उत्तर हलणार नाही. "आमचा प्रकल्प फार स्थिर आहे" असं सांगणाऱ्या शीटमध्ये हे आधी तपासा.

आता १० टक्क्यांची गंमत. भाडं १० टक्के उतरवा, एनपीव्ही उणे साडेआठ लाख. भरती ७० ची ६३ करा, तरी तेवढीच. म्हणजे तक्ता म्हणतो दोन्ही सारखेच धोकादायक. प्रत्यक्षात आजूबाजूची स्टोरेजेस एकमेकांकडे बघून दर ठेवत असतील, तर भाडं ५०० वरून ४८० ला येईल, त्याखाली सहसा नाही. तिथं एनपीव्ही २० लाख उरते. भरती मात्र द्राक्षावर चालते. अवकाळीनं बाग झोडपली किंवा ताज्या द्राक्षाला दर चांगला मिळाला की बेदाणा कमी होतो आणि भरती ५५ वर येऊ शकते. ती दहाही वर्षं ५५ धरली तर एनपीव्ही उणे ६३ लाखांच्या आसपास जाते. तेव्हा प्रत्येक आकड्याला त्याचा स्वतःचा पल्ला द्या, आणि तो कशावरून घेतला ते शेजारी लिहा.

बहुतेकांची चूक भरतीतच असते. मे महिन्यात खोल्या गच्च भरलेल्या दिसतात आणि तोच आकडा शीटमध्ये जातो. पुढं सौद्यांना माल निघत जातो, खोली रिकामी होते, पण कॉम्प्रेसर तिला थंड ठेवतच असतो. दर महिनाअखेरचा साठा मांडून त्याची सरासरी काढा. या हिशेबात एनपीव्ही शून्यावर येते ती सव्वाचौसष्ट टक्क्यांना, म्हणजे गृहीत धरलेल्या ७० पासून जेमतेम पावणेसहा अंकांवर.

आता ज्या वादासाठी लिहायला बसलो तो. "वीजबिलच मारतं हो" हे वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं, आणि प्रवर्तकांचा सगळा जीव युनिटच्या दरात अडकलेला असतो. वीज २० टक्के महागली तरी वरची एनपीव्ही २३ लाख राहते. ती शून्यावर यायला बिल जवळपास दीडपट व्हावं लागतं. दर महिन्याला बिल हातात पडतं म्हणून ते टोचतं. रिकाम्या रॅकचं बिल कुणी पाठवत नाही. सोलर बसवायचा तर जरूर बसवा, पण त्याआधी भरतीचे करार बघा.

एकेक आकडा हलवण्याची मर्यादाही सांगतो. भरती ६५ केली तर एनपीव्ही ५ लाख, भाडं ४८० केलं तर २० लाख. दोन्ही धन, म्हणून निश्चिंत होऊ नका: एकदम केलंत तर उणे साडेबारा लाख. आणि माल कमी आला की गिऱ्हाइकासाठी दर पडतात, म्हणजे हे दोन्ही बहुधा एकदमच घडतं. दुसरं असं, की सूत्रात बदललेला आकडा दहाही वर्षं लागू होतो. फक्त पहिली दोन वर्षं भरती ५५ राहिली, तर ३० लाख जातात आणि एनपीव्ही साडेआठ लाखांवर येते. नव्या स्टोरेजला हीच शक्यता जास्त, तेव्हा वर्षवार रकाने करा.

कर, घसारा, अनुदान मी धरलेलं नाही. कर धरला की चढउतार थोडे बोथट होतात, कारण नफा घटला की करही घटतो.

बँकेचं म्हणाल तर तिथं आधी डीएससीआर बघतात, म्हणजे कमाईतून कर्जाचा हप्ता कितपत भागतो ते. भरती ५५ असताना हप्ता निघतो का, हा रकाना तेवढा स्वतःहून जोडा.