दिव्यांग भावाची फॅमिली पेन्शन: आई-वडील हयात असतानाच पीपीओत नाव घाला

प्रश्न: बाबा केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त आहेत. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. आई-बाबांनंतर त्याला फॅमिली पेन्शन मिळते का, आणि पुरावे काय लागतात? शिवाय अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही ती मिळते असं ऐकलं, ते खरं का?

उत्तर:

मिळते, आणि आयुष्यभर मिळते. पंचवीस वर्षांची अट त्याला लागू नाही, लग्न झालं तरी ती बंद होत नाही. पण एक काम आजच करा. बाबांना त्यांच्या शेवटच्या कार्यालयाकडे अर्ज करायला सांगा, की कायमस्वरूपी दिव्यांग मुलाचं नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, आईच्या नावानंतर घालावं. २०१३ पासून ही सोय आहे. भावाच्या आधी हक्क असणारं आईखेरीज दुसरं कोणी नसेल (म्हणजे पंचवीसच्या आतलं, अविवाहित, न कमावणारं भावंड वगैरे), तर हे नाव हयातीतच घालता येतं. बाबा नसतील तर आईलाही हा अर्ज करता येतो.

हे एवढ्या आग्रहाने सांगते, कारण आमच्या घरी, माझ्या दिव्यांग धाकट्या भावाच्या बाबतीत, हे झालं नाही. बाबा २०१७ साली निवृत्त झाले आणि नंतर गेले. तेव्हाच मी म्हटलं होतं की आईची सही घेऊ, धाकट्याचं नाव पीपीओत घालू. दादा म्हणाला, "आई धडधाकट असताना हे अभद्र विषय काढू नकोस. त्याच्याकडे पंचाहत्तर टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे, आपोआप मिळेल." काकांनीही त्याचीच री ओढली आणि आई गप्प बसली. २०२४ च्या मार्चमध्ये आई गेली, आणि आपोआप काहीही झालं नाही.

कार्यालयाने पहिलाच अडसर घातला तो त्या पंचाहत्तर टक्क्यांवर. टक्के किती, हा या पेन्शनचा निकष नाही. अपंगत्व असं हवं की त्यामुळे माणूस स्वतःचा उदरनिर्वाह करू शकत नाही. आमच्या प्रमाणपत्रावर नुसता आकडा होता. नियमाप्रमाणे प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळाचं लागतं: संस्थेचे प्रमुख किंवा वैद्यकीय अधीक्षक, अधिक दोन सदस्य, आणि त्यातला किमान एक त्या प्रकारच्या अपंगत्वाचा तज्ज्ञ. त्यात मुलाची नेमकी मानसिक किंवा शारीरिक स्थिती शक्य तितकी स्पष्ट लिहिलेली हवी. मी मंडळासमोर शब्दशः विनंती केली, की तो पैसे मोजू शकत नाही, एकटा बसने जाऊ शकत नाही, हे लिहा. त्यांनी लिहिलं, आणि फाईल तिथून हलली. अपंगत्व कायमचं असेल तर हे प्रमाणपत्र एकदाच लागतं, तात्पुरतं असेल तर दर पाच वर्षांनी.

मग तारखेचा घोळ झाला. नवं प्रमाणपत्र आईच्या मृत्यूनंतरचं, म्हणून बाबूंनी ते बाजूला सारलं. हे चुकीचं आहे. अपंगत्व आई-वडिलांच्या मृत्यूआधीपासून असायला हवं, कागदावरची तारीख आधीची असलीच पाहिजे असं नाही. प्रमाणपत्र नंतरचं असलं तरी अपंगत्व आधीपासून होतं अशी कार्यालयाची खात्री पटली पाहिजे, बस. आमच्याकडे त्याच्या विशेष शाळेचा दाखला होता आणि तो लहान असतानाचे रुग्णालयाचे केसपेपर आईने एका पत्र्याच्या पेटीत जपले होते. त्या पेटीनेच प्रकरण तारलं. तुमच्याकडे असे जुने कागद असतील तर ते आत्ताच स्कॅन करून ठेवा.

पुढचा वाद उत्पन्नाचा होता, आणि इथे दादाशी माझं खरं वाजलं. आईने धाकट्याच्या नावावर दहा लाखांची एफडी ठेवली होती आणि एक छोटी खोली त्याच्या नावावर केली होती, तिचं भाडं महिना आठ हजार. दादा म्हणाला, "त्याला उत्पन्न आहे, विसर पेन्शन." मी हिशेब मांडला. सात टक्क्यांनी एफडीचं व्याज वर्षाला सत्तर हजार, म्हणजे महिन्याला साधारण ५,८३३ रुपये. भाडं धरून १३,८३३. जुनी मर्यादा ९,००० अधिक महागाई भत्ता अशी होती. तेव्हा भत्ता ५० टक्के होता, म्हणजे १३,५००. त्या नियमाने तो तीनशे-साडेतीनशे रुपयांनी बाहेर पडला असता. पण ८ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने दिव्यांग मुलांसाठी मर्यादा बदलली: इतर उत्पन्न त्याला मिळणाऱ्या सामान्य दराच्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के अधिक त्यावरच्या भत्त्यापेक्षा, कमी हवं. बाबांचं शेवटचं मूळ वेतन ४०,०००. त्याचे ३० टक्के १२,०००, अधिक ५० टक्के भत्ता, एकूण १८,०००. १३,८३३ त्याच्या बरेच आत आहेत. पूर्वी जुन्या मर्यादेमुळे ज्यांचा अर्ज फेटाळला गेला, त्यांनाही बाकी अटी पूर्ण होत असतील तर ८ फेब्रुवारी २०२१ पासून लाभ मिळू शकतो.

शेवटी पालकत्व. कार्यालयाने कोर्टाचं पालकत्व प्रमाणपत्र मागितलं. बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र चालतं. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आई-बाबांपैकी कोणी नामनिर्देशन करून ठेवलं असतं, तर तेवढंही लागलं नसतं. मी समितीकडून प्रमाणपत्र घेतलं आणि मंजुरी आली, आईच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या थकबाकीसह. आता पालक म्हणून मी दर वर्षी बँकेला लिहून देते की त्याने उपजीविका कमवायला सुरुवात केलेली नाही. दादा आजही म्हणतो की तेव्हा नाव न घालूनही पैसे मिळालेच ना. मिळाले, पण मधल्या काळात त्याची औषधं आणि डे-केअरची फी माझ्या पगारातून गेली, हे तो बोलत नाही.

आई-वडिलांबद्दल थोडक्यात: कर्मचाऱ्यामागे पती किंवा पत्नी नाही आणि पेन्शनला पात्र मूलही नाही, तरच त्यांचा नंबर लागतो. आधी आई, मग वडील. दोघांचं मिळून उत्पन्न महिना ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत हवं, आणि त्याचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. २०२१ चा वाढीव निकष त्यांना नाही, तो दिव्यांग मुला-भावंडांपुरताच आहे.

एक सांगायचं राहिलं. वर लिहिलं ते केंद्राच्या नियमांचं आहे (२०२१ चे, त्याआधी १९७२ चे). महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू असतात, त्यांनी उत्पन्नाचे आकडे कोषागारात विचारून घ्यावेत. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत आलेल्यांचं एनपीएसचं गणितही वेगळं आहे. तुमच्या भावाचं अपंगत्व मानसिक आजारामुळे असतं तर स्थानिक समितीचा रस्ता चालला नसता, कारण तो आजार त्या कायद्यात येत नाही. आणि बाबांच्या अर्जासोबत वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र आणि पालक म्हणून कोण, त्याचं नामनिर्देशन, दोन्ही एकाच वेळी जोडा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.