'मंदघाणा' हे नाव आमचं, मग दुसऱ्याने का वापरावं?

"वकीलसाहेब, बार्शीजवळ माझा लाकडी घाण्याचा छोटा धंदा आहे. घाणा मुद्दाम हळू फिरवतो, मिनिटाला 12-14 फेरेच, आणि शेंगदाणा तेल तीन दिवस टाकीत निवळू देतो, मगच भरतो. याला 'मंदघाणा पद्धत' असं नाव दिलं, लेबलवर मोठं छापलं, लोक आता नावाने मागतात. 14 महिने झाले. ट्रेडमार्कचा अर्ज केला तर रजिस्ट्रीचा आक्षेप आला, कलम 9(1)(बी). त्यात शेजारच्या तालुक्यातल्या एकाने 'मंद घाण्याचं तेल' असं बॅनर लावलंय. त्याला नोटीस पाठवू का? भाऊ म्हणतो घाबरवलं की काढेल."

ताई, आधी भावाला थांबवा. नोटीस पाठवू नका, निदान 'मंदघाणा' या शब्दावरून तर नकोच. नाव अजून रजिस्टर झालेलं नाही, त्यामुळे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे उल्लंघनाचा दावाच लागत नाही आणि वरून तुम्ही 'कोर्टात खेचीन' अशी धमकी दिली तर तो माणूस उलट कलम 142 खाली तुमच्यावरच दावा लावू शकतो की ही धमकी बिनबुडाची आहे, कोर्टाने थांबवावी. म्हणजे घाबरवायला गेलात ते तुम्ही आणि वकिलाची फी भरत बसणार तेही तुम्हीच.

आता आक्षेपाचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. 9(1)(बी) साध्या भाषेत असं सांगतं की मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग, कुठला आहे, कधी बनवला किंवा मालाचा आणखी काही गुण सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही. मंद म्हणजे हळू, घाणा म्हणजे घाणा. तुम्ही जे करता तेच तुम्ही लिहिलंय. दोन शब्द चिकटवून एक केला तरी अर्थ तोच राहिला. बऱ्याच जणांना वाटतं मराठी शब्द आहे म्हणजे रजिस्ट्रीला काय कळतंय, पण अर्जात भाषांतर द्यावंच लागतं. आणि हे आजचंही नाही, 1955 साली कलकत्ता हायकोर्टात वनस्पती तुपाला 'रसोई' हे नाव रजिस्टर करायचा प्रयत्न झाला होता, कोर्टाने नाही म्हटलं, स्वयंपाकाच्या जिन्नसाला रसोई हा शब्द एका कंपनीला कसा देणार.

तुमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. सफोला बनवणारी मॅरिको, मुंबईची कंपनी. तळताना पदार्थ कमी तेल पितो हा मुद्दा ठसावा म्हणून त्यांनी 'लोसॉर्ब' हे नाव केलं आणि ते नुसतं केलं नाही, रजिस्टरही करून घेतलं. मग अ‍ॅग्रो टेकने सनड्रॉपच्या पाकिटावर 'लो अ‍ॅब्सॉर्ब टेक्नॉलॉजी' लिहिलं. मॅरिको दिल्ली हायकोर्टात गेली, मनाई हुकूम मागितला. 2010 मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानेही तो दिला नाही. म्हणणं असं की 'लो अ‍ॅब्सॉर्ब' हे तेलाचं वर्णन आहे, ते कुणीही लिहू शकतं, आणि 'लोसॉर्ब' हे त्याच वर्णनाचं स्पेलिंग मोडून केलेलं रूप आहे. लक्षात घ्या, हातात रजिस्ट्रेशन होतं, जाहिरातीला तुमच्या-माझ्या कल्पनेपलीकडचं बजेट होतं, तरी. कारण कलम 30(2)(ए) आणि कलम 35 दुसऱ्याला आपल्या मालाचं खरं वर्णन करायची मोकळीक देतात, समोरच्याकडे सर्टिफिकेट असलं तरी देतात. तुमचा शेजारी खरोखर घाणा हळू फिरवत असेल तर 'मंद घाण्याचं तेल' लिहायचा त्याला हक्कच आहे असं समजा.

'पण लोक नावाने मागतात' याला कायद्यात जागा आहे, नाही असं नाही. वापरून वापरून वर्णनाच्या शब्दालाही वेगळी ओळख आली असेल तर 9(1) चा आक्षेप गळतो. पण ती ओळख अर्जाच्या तारखेच्या आधी आलेली दाखवावी लागते, प्रतिज्ञापत्रावर, बिलं, जाहिरातीचा खर्च, कुठल्या कुठल्या गावात माल जातो हे सगळं लावून. 14 महिन्यांचा वापर, त्यातही अर्ज मधेच कधीतरी केलेला, आणि दोन-तीन तालुक्यांतली विक्री. मी तुमचा वकील असतो तर यावर पैसे लावायला सांगितले नसते. आक्षेपाचा कागद मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात, तेव्हा मुदत एकदा बघा, पण उत्तर द्यायचं की अर्ज जाऊ द्यायचा हे खाली वाचून ठरवा. आणि त्याच अर्जात नाव बदलून घेऊ हा विचार सोडा, चिन्हात मोठा बदल चालत नाही, नवीन नावाला नवीन अर्जच.

मग नाव कसं करायचं. माझ्याकडे कुणी पद्धतीचं किंवा घटकाचं नाव घेऊन आलं की मी एकच विचारतो, तुमच्या स्पर्धकाला प्रामाणिकपणे आपला माल समजावून सांगताना हा शब्द लागेल का? लागत असेल तर तो तुमचा होणार नाही, आज ना उद्या हातातून जाईल. लागत नसेल तर तो तुमचा होऊ शकतो. 'हळू', 'थंड', 'शुद्ध', 'लाकडी', 'निवळ' हे सगळ्यांना लागतात. आणि दुसऱ्या टोकाला 'झुमरा' वगैरे काहीही अर्थ नसलेला शब्द घेतला तर रजिस्ट्री खूश, पण गिऱ्हाइकाला त्यातून काहीच कळत नाही, मग पद्धतीला नाव देण्याचा उपयोग काय. मधली जागा पकडायची, म्हणजे नाव ऐकल्यावर माणूस क्षणभर थांबतो, आणि गोष्ट कळली की 'अच्छा, म्हणून!' म्हणतो.

तुमच्या बाबतीत मला तर हळू फिरण्यापेक्षा तीन दिवस निवळणं जास्त कामाचं वाटतं. हळू तर सगळेच लाकडी घाणेवाले म्हणतात. समजा नाव घेतलं 'तिनसांज'. तीन संध्याकाळी तेल टाकीत उभं राहतं, गाळ खाली बसतो, चौथ्या दिवशी वरचं नितळ तेल भरतात. तिन्हीसांजेचा कानाला ओळखीचा सूर आहे, पण तेल निवळवणं याला मराठीत कुणी 'तिनसांज' म्हणत नाही, शेजाऱ्याला त्याच्या तेलाबद्दल खरं बोलायला हा शब्द कधीच लागणार नाही. त्याला 'तीन दिवस निवळलेलं' लिहिता येईल, खुशाल लिहू दे, पण 'तिनसांज' लिहिलं की तो तुमच्या नावावर चढतोय हे उघड दिसतं. (हे उदाहरण आहे, अर्जाआधी आयपी इंडियाच्या पब्लिक सर्चमध्ये, म्हणजे ट्रेडमार्कच्या सरकारी ऑनलाइन यादीत, तेलाच्या क्लास 29 ला शब्द आणि उच्चार दोन्हींनी शोधा. एक क्लायंट पाऊच छापून मोकळा झाला आणि मग शोधायला बसला, ते पाऊच आजही त्याच्या माळ्यावर आहेत.)

लेबल असं करा. वर तुमचा ब्रँड. खाली 'तिनसांज पद्धतीने निवळलेलं', आणि त्याखाली ठळक 'लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल'. नाव नेहमी विशेषणासारखं, मालाचं साधं नाव शेजारी हवंच. 'एक लिटर तिनसांज द्या' असं तुम्हीच दुकानात, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायला लागलात तर काही वर्षांत तो शब्दच तेलाचं नाव होऊन बसेल, जसं आपण कुठल्याही मशीनवर 'झेरॉक्स' काढतो. तपासायचं असेल तर लेबलवर नावावर बोट ठेवा, उरलेलं वाचून गिऱ्हाइकाला काय विकत घेतोय हे कळलं पाहिजे. 'मंद घाणा' टाकून द्यायची गरज नाही, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात वर्णन म्हणून राहू दे, ते तुम्हालाही मोकळं आणि त्यालाही. सर्टिफिकेट येईपर्यंत नावापुढे टीएम लावा, वर्तुळातला आर लावू नका, रजिस्टर नसताना रजिस्टर आहे असं दाखवलं तर कलम 107 खाली दंड अंगाशी येतो.

अर्ज टीएम-ए फॉर्मवर, तेलासाठी क्लास 29, एकट्या मालकाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन 4500 रुपये एका क्लासला. लोकांचे शेंगदाणे घेऊन तुम्ही मजुरीवर तेल काढून देत असाल आणि तिथेही हेच नाव सांगत असाल तर क्लास 40 चा विचार करा, नाहीतर राहू द्या. स्वीकारला गेला की जर्नलमध्ये छापतात, त्यानंतर 4 महिने कुणालाही विरोध करता येतो, मग सर्टिफिकेट, 10 वर्षांसाठी.

तेल आहे म्हणून एक वेगळी सूचना. अन्न सुरक्षेच्या नियमांत तेलाच्या पॅकवर 'डबल रिफाइंड', 'अल्ट्रा रिफाइंड', 'कोलेस्टेरॉल फायटर' असले शब्द लिहायला सरळ बंदी आहे, आणि ब्रँडच्या नावात 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'पारंपरिक' असलं काही असून त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल तर हे फक्त ब्रँडचं नाव आहे अशी ओळ किमान 3 मिमी अक्षरात छापावी लागते. म्हणून पद्धतीच्या नावात हे शब्द घुसवूच नका. आणि तीन दिवस म्हटलं की तीनच. सणाच्या गर्दीत दुसऱ्या दिवशी भरलं आणि कुणी तक्रार केली तर तुमचं गोड नाव फसवी जाहिरात ठरतं. टाकीवर तारीख लिहा, वहीत बॅच नंबर, टाकीत घातल्याची आणि भरल्याची तारीख. ही वही उद्या विरोध झाला तर वापराचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

नावाने फक्त नाव राखलं जातं हेही भावाला सांगा. पद्धत शेजारी उद्यापासून हुबेहूब करू शकतो. पेटंटचं म्हणाल तर घाण्यावर तेल काढून निवळवणं हे पारंपरिक ज्ञान, पेटंट कायद्याचं कलम 3(पी) तिथेच दार लावतं.

आता त्या बॅनरचं. त्याने नुसते शब्द लिहिलेत की तुमचा पिवळा-हिरवा रंग, अक्षरांचं वळण, घाण्याचं चित्र सगळंच उचललंय? तुम्ही फोटो पाठवला नाहीत. शब्दच असतील तर सोडून द्या. पण गिऱ्हाईक तुमचा माल समजून त्याचा घेत असेल तर पासिंग ऑफचा दावा आहे, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही. वर्णनाचा शब्द असला तरी तो किती मोठा छापला यालाही कोर्ट बघतं, 'शुगर फ्री' या साखरेऐवजी वापरायच्या गोडीच्या ब्रँडवरून झालेल्या भांडणात 2007 साली दिल्ली हायकोर्टाने अमूलला तो शब्द वापरू दिला, पण स्वतःच्या 'अमूल' नावापेक्षा ठळक छापू नका म्हटलं. तेव्हा बॅनरचा तारखेसकट फोटो काढा, त्याच्याकडून एक बाटली बिलासकट विकत आणा, आणि चुकून त्याच्याकडे गेलेलं एखादं गिऱ्हाईक असेल तर त्याचं नाव-गाव वहीत लिहून ठेवा. बाटली आणि तुमची बाटली शेजारी ठेवून फोटो पाठवा, मग नोटिशीचं बोलू.