एकाच वेळी तीन टायमर, आणि स्टॉपवॉच कधी?

प्रश्न: मोदक, भात, उसळ एकदम गॅसवर असतात. फोनमध्ये एकच टायमर लावता येतो का? आणि सकाळी किनाऱ्यावर धावताना काय वापरू?

अँड्रॉइडच्या गूगल घड्याळात टायमर चालू असतानाच अधिक चिन्ह दाबून दुसरा लावता येतो. आयफोनवर ही सोय २०२३ च्या iOS 17 पासून आली.

प्रत्येकाला नाव मात्र द्याच, कारण नुसता आवाज ऐकून काय झालं ते कळत नाही. मोदकपात्रातलं पाणी उकळून वाफ आली, मोदक ठेवले, की ‘मोदक’ १२ मिनिटं. भाताखालचा गॅस बारीक केला की ‘भात’ १०. डाळिंबीला उकळी आली की ‘उसळ’ १५. तिन्ही एकदम सुरू करू नका, ज्याची वेळ येईल तेव्हाच त्याचा टायमर. गूगल घड्याळात वेळ संपल्यावर आकडे उणे होऊन पुढे मोजतात, त्यामुळे मोदक किती जास्त उकडले ते दिसतं. आवाज अलार्मच्या पट्टीवर चालतो, ती वाढवून ठेवा.

धावायला स्टॉपवॉच, कारण तिथे किती वेळ लागला हे हवं असतं. जेटीपर्यंत पोहोचलात की लॅपचं बटण दाबा, म्हणजे त्या टप्प्याची वेळ वेगळी नोंदली जाते; परत आलात की पुन्हा लॅप. परतीचा लॅप फार मोठा असेल तर सुरुवात जोरात झाली किंवा वारा समोरून होता. स्टॉपवॉच वाजत नाही, म्हणून ठरावीक विश्रांतीला ९० सेकंदांचा टायमरच बरा.