टबाची ट्यूब करणारा ई

"मला इंग्रजी येत नाही. मुलगी मराठी माध्यमातून यंदा दहावीला आहे. बोर्डाच्या इंग्रजीसाठी मी तिला काय मदत करू शकतो?"

शब्द घेऊन तिच्यासोबत बसा, आणि सुरुवात तुमच्या धंद्यातल्या शब्दांपासून करा. माझं शिक्षण सातवी, मानेवाडा रोडला दुचाकीचं गॅरेज आहे.

माझी पोरगी दहावीला असताना माझ्या मोठ्या भावानं चारचौघांत म्हटलं होतं, "तुले एबीसीडी येत नाही, तू पोरीले का शिकवशीन? कॉन्व्हेंटमध्ये टाकाले पाहिजे होतं." ते फार लागलं. त्याच फेब्रुवारीत रोज रात्री नऊला शटर अर्धं पाडून आम्ही बापलेक बसू लागलो.

पेपरात शब्दसाखळी असते: प्रत्येक नाम आधीच्या नामाच्या शेवटच्या अक्षरानं सुरू करायचं, अशी चार. तिला ऐन वेळी नामं सुचत नव्हती. तिनं शटरवर खडूनं 'ब्रेक' लिहिलं. मी लगेच म्हटलं, "क्लच!"

"नाही बाबा, क नुसता ऐकू येतो. शेवटी ई आहे."

मग इंजिन. त्याच्याही शेवटी ई. एक्झॉस्ट घेतला तेव्हा कुठं टी हाती आला, टीवरून टायर सांगितला, तर पुन्हा ई! केबल, ग्रीस, गेज, व्हॉल्व्ह, वीस वर्षं हाताळलेल्या सामानाच्या शेपटाला हा मुका ई होता आणि मला पत्ता नव्हता.

"बोलत नाही तर लिहायचा काहून?" मी विचारलं. तिनं पंक्चरच्या पाण्याकडे बोट केलं. टी-यू-बी म्हणजे टब. मागं ई लावला की तीच ट्यूब. ई गप्प राहतो, पण आधीच्या स्वराचा उच्चार बदलतो. म्हणून शब्द लिहिलाय तसाच मोठ्यानं वाचायचा, ई गळला असेल तर चूक कानाला कळते. तिच्या वहीत 'होप'चं 'हॉप' झालं होतं, ते मी असंच पकडलं. इंजिन मात्र या नियमात बसत नाही. व्हॉल्व्हचा ई तर टेकू आहे, कारण इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपत नाही. असे शब्द वेगळे लिहून पाठच करावे लागतात.

उलट गॅसकेटचं स्पेलिंग तिला यायचं, पण वस्तू कधी पाहिली नव्हती. मी ड्रॉवरमधून काढून तिच्या हातावर ठेवली.

एक सांगायचं राहिलं. साखळीला गुण दोनच असतात. पत्रलेखन आणि उतारे शाळेच्या बाईंकडूनच करून घ्या, ते माझ्यानं झालं नाही. पण कॉन्व्हेंटची फी भरणाऱ्या माझ्या भावाला विचारा, पोराच्या वहीत शेवटचं कधी पाहिलं होतं.